व्हर्स, कोरस आणि ब्रिज कानानं कसे ओळखायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात गिटार आणि कीबोर्ड शिकवताना मुलांपेक्षा त्यांचे आईवडीलच जास्त प्रश्न विचारतात. मुलं घरी दिवसभर इंग्रजी आणि हिंदी पॉप लावतात. आईवडिलांचा कान मात्र भावगीत, नाट्यगीत, लावणी आणि जुन्या चित्रपटगीतांवर तयार झालेला. हा कान उत्तम असतो, फक्त पॉप गाण्यात काय शोधायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यांचेच प्रश्न इथे घेतले आहेत. ऐकणाऱ्यासाठीच लिहिलंय, त्यामुळे वाद्य वाजवता यायला हवं असं काही नाही.

व्हर्स म्हणजे अंतरा आणि कोरस म्हणजे मुखडा, असं समजलं तर चालेल का?

अर्धं चालेल. अंतऱ्याचे शब्द दर वेळी बदलतात आणि चाल बहुधा तीच राहते, तसंच व्हर्सचं. मुखडा परत परत येतो, तसाच कोरसही येतो. इथपर्यंत जोडी जुळते.

फरक क्रमाचा आहे, आणि क्रमामुळे ऐकण्याची दिशाच बदलते. भावगीतात मुखडा आधी येतो. सुधीर फडके याच कोल्हापुरात १९१९ साली जन्मले. त्यांच्या परंपरेतलं कुठलंही गाणं आठवून पाहा: पहिल्याच ओळीत गाण्याचा गाभा हाती येतो, मग वाद्यांचा तुकडा, मग अंतरा, आणि अंतऱ्याची शेवटची ओळ आपल्याला परत मुखड्यावर आणून सोडते. आपण घरातून निघतो आणि घरी परततो.

पॉप गाण्यात बहुतेक वेळा व्हर्स आधी येतो. सुरुवातीला आपल्याला घर माहीतच नसतं. कोण बोलतंय, कुठे आहे, काय झालंय एवढंच कळतं, आणि आवाजही दबका ठेवलेला असतो. साधारण चाळीस सेकंदांनी कोरस येतो, तेव्हा गाणं कशासाठी होतं ते समजतं. मुखड्याची सवय असलेला माणूस पहिल्या वीस सेकंदांत म्हणतो, ‘याला चालच नाही.’ चाल असते, ती पुढे राखून ठेवलेली असते. पॉप ऐकायला लागताना एवढी एक अपेक्षा बदलली की बाकीचं सोपं जातं.

अपवादही आहेत. काही गाणी थेट कोरसनं सुरू होतात. आजची बरीच हिंदी गाणी मुखडा-अंतरा हाच साचा ठेवून वरून पॉपचं वाद्यवृंदन चढवतात. तिथे जबरदस्तीनं व्हर्स-कोरस शोधू नका, आपले जुने शब्दच तिथे बरोबर आहेत.

कोरस नेमका कुठला, हे पहिल्याच वेळी कसं ओळखायचं?

खरं तर पहिल्या वेळी अंदाजच बांधायचा असतो, खात्री दुसऱ्या वेळी होते. चालही तीच आणि शब्दही तेच घेऊन जो भाग परत येतो, तो कोरस. चाल तीच पण शब्द नवे असतील तर तो व्हर्स. ही एक कसोटी दहापैकी आठ-नऊ गाण्यांत पुरते.

अंदाज बांधायला मदत करणाऱ्या खुणा मात्र पहिल्या वेळीही असतात. गायकाचा आवाज व्हर्समध्ये मध्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात फिरत असतो, तो कोरसमध्ये तार ‘सा’कडे सरकतो. स्वर लांब होतात, शब्द कमी होतात. मागे एकाऐवजी तीन-चार आवाज ऐकू येतात. ड्रममध्ये झांजा उघडतात. आणि गाण्याचं नाव बहुधा याच भागात सापडतं.

फक्त मोठ्या आवाजावर विसंबू नका. काही गाण्यांत व्हर्स दणदणीत असतो आणि कोरसमध्ये सगळं थांबून एकटा आवाज उरतो. तिथे शब्दांची कसोटीच खरी ठरते.

बार म्हणजे काय? आणि तो मोजायचा कसा?

बहुतेक पॉप गाणी चार ठोक्यांत बांधलेली असतात. एक-दोन-तीन-चार झालं की एक बार संपतो. केरवा कानात असेल तर काम झालंच: आठ मात्रा दुप्पट लयीत मोजल्या की केरव्याचं एक आवर्तन एका बारमध्ये बसतं. पाय पहिल्या ठोक्याला टेकवायचा, टाळी दुसऱ्या आणि चौथ्याला. ड्रममधला टणक, कडक आवाजही तिथेच पडतो.

मग बोटांवर बार मोजायचे. एक-दोन-तीन-चार, *दोन*-दोन-तीन-चार, *तीन*-दोन-तीन-चार, असं. पहिला आकडा बारचा. भाग बहुधा चार, आठ किंवा सोळा बारचे असतात. म्हणून आठ बार झाले की कान टवकारायचे, कारण काही बदलायचं असेल तर ते तिथे बदलतं. ड्रमवाला आठव्या बारच्या शेवटी छोटा तुकडा वाजवून ‘आता वळण आहे’ असं सांगतोच. तबलजी मुखड्यावर येण्याआधी तिहाई घेतो तेव्हा आपण जसे सावध होतो, तसंच इथेही व्हायचं.

मोजणी चुकते ती सहसा एकाच कारणानं. गायक पहिल्या ठोक्यावर सुरू करत नाही. एक-दोन शब्द आधीच्या बारमध्ये उचलतो आणि महत्त्वाचा शब्द ठोक्यावर टाकतो. तुम्ही पहिल्या शब्दापासून मोजलंत तर सगळं अर्ध्या बारनं सरकतं आणि आठवा बार भलतीकडेच येतो. यावर उपाय म्हणजे शब्द सोडून ड्रम आणि बेस गिटार ऐकायची. बेस ज्या ठोक्यावर नव्या स्वरावर जातो, तो बहुधा बारचा पहिला ठोका.

एखादं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून दाखवाल का?

दाखवतो. त्यासाठी वर्गात वापरायला मी रचलेलंच एक साधं गाणं घेऊ, म्हणजे प्रत्येक सेकंदाचा हिशेब देता येईल. लय मिनिटाला ९६ ठोके. म्हणजे चार ठोक्यांचा एक बार बरोबर अडीच सेकंदांचा, आणि आठ बार वीस सेकंदांचे. ‘सा’ पांढरी एक.

सुरुवातीचे चार बार नुसती गिटार. दहाव्या सेकंदाला पहिला व्हर्स येतो, आठ बारचा:

*स्टँडावरची शेवटची एसटी, काचेवर पाऊस*
*पिशवीत तुझी चटणी-भाकरी, मनात धाकधूक*

एक पोरगा कोल्हापूर सोडून नोकरीला पुण्याला निघालाय. चाल ‘सा’ ते ‘प’ यांच्यामध्येच फिरते, जवळजवळ बोलल्यासारखी. तिसाव्या सेकंदाला चार बारचा एक छोटा भाग येतो:

*तावडे हॉटेल मागे गेलं, हायवे आला पुढे*

इथे ड्रमचे ठोके दाट होतात आणि चाल एकेक पायरी वर चढते. चाळिसाव्या सेकंदाला कोरस:

*दिवा ठेव चालू, मी येतोय घरी*
*उशीर झाला तरी, येतोय घरी*

‘घरी’वर आवाज तार ‘सा’ला टेकतो. हे आठ बार एक मिनिटावर संपतात. चार बार गिटार, आणि १:१० ला दुसरा व्हर्स. चाल पहिल्याचीच, शब्द नवे. आता पोरगा पुण्याच्या खोलीत आहे, आई फोनवर ‘जेवलास का?’ विचारते, तो ‘हो’ म्हणतो आणि जेवलेला नसतो. मधला चढणारा भाग पुन्हा, आणि १:४० ला कोरस पुन्हा, अक्षरही न बदलता.

आता बरोबर दोन मिनिटं झाली. दोन व्हर्स आणि दोन कोरस ऐकून झाले. गाण्याचे नियम आपल्याला पाठ झालेत. आता तिसरा व्हर्स येईल असं कानाला वाटतं, आणि नेमकं तेव्हाच गाणं तिसरीकडे जातं:

*किती रात्री जागलीस तू, मी मोजल्याच नाहीत*
*दिवा मला दिसत राहिला, डोळे दिसले नाहीत*

चाल नवी, ड्रम बंद, ‘सा’ची कॉर्ड गायब. कॉर्ड म्हणजे एका स्वराच्या आधारानं एकदम वाजवलेले तीन-चार स्वर. हा ब्रिज, आठ बारचा. आतापर्यंत पोरगा स्वतःबद्दल बोलत होता. इथे पहिल्यांदा त्याला आई दिसते. २:२० ला कोरस परत येतो, पण नुसत्या गिटारवर, हळू. शब्द तेच आहेत, तरी ‘दिवा ठेव चालू’ हे आता वेगळं ऐकू येतं, कारण दिव्यापाशी कोण जागं आहे हे आपल्याला कळलेलं असतं. २:४० ला सगळी वाद्यं परततात आणि पहिल्या ओळीत फक्त तीन शब्द बदलतात:

*दिवा मालव आता, मी आलोय घरी*

तीन मिनिटांवर कोरस संपतो, चार बार गिटार, आणि ३:१० ला गाणं थांबतं.

शेवटचा बदल चटका लावतो, कारण आधी तीन वेळा ती ओळ जशीच्या तशी ऐकलेली असते. व्हर्समध्ये शब्द बदलला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कोरसमध्ये एक शब्द बदलला तरी अख्खा हॉल मान वर करतो. ‘तेच तेच काय गातात?’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढच्या वेळी शेवटचा कोरस पहिल्याशी शब्दाला शब्द लावून पाहावा.

व्हर्स आणि कोरसच्या मधला तो चढणारा भाग कोणता?

त्याला प्री-कोरस म्हणतात. वरच्या गाण्यात तो फक्त दहा सेकंदांचा आहे. नवे ऐकणारे सर्वात जास्त फसतात ते इथेच, कारण इथे आवाज चढतो, ड्रम वाढतात, आणि ‘आला कोरस’ असं वाटतं. ओळखायची खूण अशी: प्री-कोरस संपताना समाधान होत नाही. शेवटची कॉर्ड ‘प’ची असते आणि ती ‘सा’कडे ओढत राहते. तिथे गाणं बंद करून पाहा, अर्धवट वाटेल. कोरसच्या शेवटी बंद केलं तर बहुधा तसं वाटत नाही.

काही गाण्यांत प्री-कोरसचे शब्द दुसऱ्या वेळी बदलतात, काहींत तेच राहतात. त्यावर त्याची ओळख ठरत नाही. कित्येक चांगल्या गाण्यांत तो नसतोही.

ब्रिज आणि तिसरा व्हर्स यांत फरक काय? ऐकून तर दोन्ही सारखेच वाटतात.

शब्द दोन्हीकडे नवे असतात म्हणून गोंधळ होतो. म्हणून इथे शब्द बाजूला ठेवून चाल ऐकायची. मनातल्या मनात पहिल्या व्हर्सची ओळ त्या जागी गाऊन पाहा. बसली तर तो तिसरा व्हर्स. बसली नाही आणि चालही आधी कुठेच आलेली नसेल, तर तो ब्रिज.

ब्रिज वेगळा का वाटतो याचं कारण पेटीवर समजून घेता येईल. आपल्या गाण्याचा ‘सा’ पांढरी एक, म्हणजे कीबोर्डवाल्यांचा सी. कोरसमध्ये कॉर्ड अशा येतात: सी, जी, ए मायनर, एफ. म्हणजे ‘सा’, ‘प’, ‘ध’ आणि ‘म’ यांच्या कॉर्ड. दर फेरीत पहिलं पाऊल ‘सा’वर पडतं, त्यामुळे आपण सतत घरात आहोत असं वाटतं. ब्रिजमध्ये दोन-दोन बार ए मायनर, एफ, डी मायनर आणि जी. ‘सा’ची कॉर्ड वीस सेकंदांत एकदाही येत नाही. स्वर त्याच सप्तकातले आहेत, पण पाय टेकायची जागाच काढून घेतली आहे. शेवटचे दोन बार ‘प’च्या कॉर्डवर थांबल्यावर कान ‘सा’साठी आसुसतो, आणि कोरस तो ‘सा’ देतो.

ख्याल ऐकणाऱ्यांना हे नवं नाही. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायचे, तेव्हापासून या गावाला ‘सा’ दूर ठेवून परत मिळवण्यातली गोडी ठाऊक आहे. फरक एवढाच की तिथे गवई ते त्या क्षणी ठरवतो आणि पॉपमध्ये ते आधीच लिहून, सेकंद मोजून ठेवलेलं असतं.

पेटी नसली तरी बेस गिटारच्या खालच्या स्वरावर लक्ष ठेवा. कोरसमध्ये जो स्वर आठ बारांत दोनदा आला, तो ब्रिजमध्ये आलाच नाही असं आढळेल. प्रत्येक ब्रिज ‘सा’ इतका काटेकोरपणे टाळतो असं नाही. काही ब्रिज फक्त ठेका बदलून किंवा गाण्याऐवजी बोलून वेगळेपण आणतात. काही सरळ ‘सा’च बदलतात.

मधला गिटारचा किंवा व्हायोलिनचा तुकडा म्हणजे ब्रिज का?

तो तुकडा व्हर्सच्या किंवा कोरसच्याच कॉर्डवर वाजत असेल तर तो सोलो. खाली तेच चाललंय, वर आवाजाऐवजी वाद्य आहे. कॉर्ड नव्या असतील तर त्याला वाद्यांचा ब्रिज म्हणायला हरकत नाही. आपल्या चित्रपटगीतातलं मुखडा आणि अंतरा यांच्यामधलं संगीत मात्र वेगळ्या कामाचं असतं. ते अंतऱ्याची पार्श्वभूमी तयार करतं, आणि दर अंतऱ्याआधी येतं.

माझ्या मुलीच्या यादीतल्या कितीतरी गाण्यांत ब्रिज सापडतच नाही. माझं ऐकणं चुकतंय का?

ऐकणं बरोबर आहे. दोन-अडीच मिनिटांची गाणी आता बरीच निघतात, आणि वेळ कापायची ठरली की सगळ्यात आधी ब्रिजच जातो, कारण तो एकदाच येतो आणि त्याच्यावाचून कोरसला बाध येत नाही. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते ऐकलं गेलं असं मोजतात. त्यामुळे लोकांनी पुढे ढकलण्याआधी कोरस किंवा त्यातली हूक, म्हणजे डोक्यात अडकणारी छोटी ओळ, कानावर पडावी यासाठी बनवणारे धडपडतात. लांब इंट्रोही त्यातच गेली.

वेळेच्या बेड्या जुन्याच आहेत म्हणा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, आणि आपले मोठमोठे गायकही त्या वेळेत बसवून गायले. तरी ब्रिज जाण्याचं मला वाईट वाटतं. ब्रिज नसलेल्या गाण्यात तिसरा कोरस हा दुसऱ्याची नक्कल होऊन राहतो, आणि तो ताजा वाटावा म्हणून केवळ आवाज वाढवावा लागतो.

घरी सराव कसा करावा?

ओळखीचं एकच गाणं घ्या आणि तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त वेळ लिहा: जिथे काहीतरी बदललं असं वाटेल तिथे मोबाइलवर दिसणारी मिनिटं-सेकंद टिपून ठेवा. दुसऱ्यांदा प्रत्येक नोंदीपुढे बार मोजून लिहा. आठ, चार, सोळा असे आकडे आले तर नोंदी बरोबर आहेत. सात किंवा नऊ आले तर बहुधा उचललेल्या शब्दांपासून मोजलंय, तेवढं तपासा. तिसऱ्यांदा नावं द्या. सुरुवातीला ‘कोरस’ आणि ‘कोरस नाही’ एवढी दोनच द्यायची. जो भाग शेवटपर्यंत एकदाच आला, दोन मिनिटांच्या आसपास, त्याच्याभोवती गोल करा.

हेडफोन असतील तर उत्तम. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि या सगळ्यात भरवशाची खूण तीच आहे.

प्रत्येक पॉप गाण्यात कोरस असतोच का?

नाही. बीटल्सचं १९६५ सालचं ‘येस्टरडे’ घ्या. ते जगभर गायलं जातं, पण त्यात कोरस नाही. त्यातला मुख्य भाग व्हर्ससारखा आहे, शब्द बदलत परत येतो, आणि गाण्याचं नाव त्याच्याच पहिल्या शब्दात आहे. पहिले दोन भाग एका चालीचे, मग वेगळ्या चालीचा ब्रिज, मग परत पहिली चाल. त्यानंतर ब्रिज पुन्हा एकदा येतो आणि शेवट पहिल्या चालीवर होतो. त्याआधीच्या काही दशकांत अमेरिकेतली असंख्य गाणी याच आराखड्यावर रचली गेली. या प्रकारात ब्रिज एकदाच येतो हा नियम लागू होत नाही, आणि घर म्हणजे व्हर्सच असतो. आपल्या मुखड्याच्या कानाला हा प्रकार लवकर जवळचा वाटतो.

‘येस्टरडे’त बार मोजून पाहाल तर पहिला व्हर्स आठाऐवजी सात बारांत संपेल. तिथे तुमची मोजणी चुकलेली नाही. तो सातच बारांचा रचलेला आहे, आणि ब्रिज मात्र पुरता आठ बारांचा.

रॅप आणि डीजेच्या गाण्यांचं काय?

रॅपमध्ये बोलले जाणारे भाग म्हणजे व्हर्स, बहुधा सोळा बारचे, आणि मधला गायलेला तुकडा हूक, म्हणजेच कोरस. ब्रिज क्वचितच. डीजेच्या गाण्यांत चढण येते, ठोके दाट होत जातात, क्षणभर सगळं थांबतं आणि मग बेस कोसळतो. त्याला ड्रॉप म्हणतात. गणपतीच्या मिरवणुकीत लोक ज्या क्षणी एकदम उड्या मारतात, तो क्षण हाच. त्यात शब्द नसले तरी काम कोरसचंच असतं, आणि त्याआधीची चढण प्री-कोरसचं काम करते. बार मोजलेत तर तिथेही आठ आणि सोळाच सापडतील.